कार्ड भाड्याने घेण्याआधीची आकडेमोड: ११ कोटी पॅरामीटरच्या मराठी मॉडेलचे एक प्रकरण

काम असे आहे. शुद्ध केलेला, पुनरावृत्ती काढलेला २४ जीबी मराठी मजकूर तयार आहे आणि त्यावर शून्यापासून एक लहान भाषा-मॉडेल शिकवायचे आहे. रचना जीपीटी-२ च्या सर्वांत लहान मॉडेलची: १२ थर, ७६८ रुंदी, १२ अटेन्शन हेड आणि एका वेळी १०२४ टोकनांचा संदर्भ. घरात ग्राफिक्स कार्ड नाही, ताशी दराने भाड्याने घ्यायचे. पर्याय दोन: २४ जीबीचे एल-४ किंवा ४० जीबीचे ए-१००. कोणते घ्यायचे, किती तास लागतील आणि एका वेळी किती मजकूर कार्डात मावेल, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मीटर सुरू होण्याआधी कागदावर काढता येतात. ती कशी काढायची आणि कागद कुठे फसवतो, ते पाहू.

आधी टोकन

बहुतेक जण पॅरामीटरपासून सुरुवात करतात. मराठीसाठी ती चूक ठरते, कारण बिलाचा सगळ्यात मोठा गुणक आहे टोकनांची संख्या आणि ती टोकनायझरवर अवलंबून असते.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘भाषा’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो, पण त्यात भ, काना, ष, काना अशी चार चिन्हे आहेत, म्हणजे १२ बाइट. जीपीटी-२ चा मूळ टोकनायझर प्रामुख्याने इंग्रजी मजकुरावर घडलेला आहे. त्याच्या ५०,२५७ टोकनांत देवनागरीसाठी फारसे काही नाही, त्यामुळे एक चिन्ह बहुधा दोन टोकनांत तुटते. म्हणजे एका टोकनात जेमतेम दीड ते दोन बाइट मजकूर. रचना उचलताना टोकनायझरही तसाच उचलला, तर आपल्या २४ जीबीची १२०० ते १६०० कोटी टोकने होतात.

म्हणून याच मजकुरावर ३२,७६८ टोकनांचा स्वतःचा टोकनायझर घडवायचा. तो किती दाट बसतो हे अंदाजाने ठरवू नये. टोकनायझर घडवताना न वापरलेला शे-दोनशे एमबीचा तुकडा घ्यावा, त्याचे बाइट आणि त्यातून निघालेली टोकने मोजावीत आणि भागाकार करावा. या प्रकरणापुरते आपण एका टोकनामागे १० बाइट धरू. २४ जीबी भागिले १० म्हणजे २४० कोटी टोकने. हा भागाकार ८ आला तर पुढचा सगळा हिशेब सव्वापट होईल, म्हणून तो स्वतः मोजलेलाच हवा.

फरक नुसत्या बिलाचा नाही. संदर्भ १०२४ टोकनांचाच असतो. जुन्या टोकनायझरने त्यात दीड-दोन हजार बाइट, म्हणजे पाच-सातशे चिन्हे मावतात, जेमतेम दोन परिच्छेद. नव्याने दहा हजार बाइट मावतात. त्याच भाड्यात मॉडेलला पाचपट लांबचे दिसते.

३२,७६८ हा आकडा मुद्दाम निवडला आहे. तो ६५,५३६ च्या आत असल्याने प्रत्येक टोकन दोन बाइटांत साठवता येते आणि २४० कोटी टोकनांची फाइल ४.८ जीबीची होते. ही फाइल स्वतःच्या संगणकावरच बनवायची, तिला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. भाड्याच्या यंत्रावर २४ जीबी कच्चा मजकूर चढवून तिथे टोकनायझर चालवणे म्हणजे कार्ड मोकळे बसवून भाडे भरणे. ५० एमबीपीएसच्या जोडणीवर ४.८ जीबी चढायला सुमारे १३ मिनिटे लागतात, २४ जीबीला तासाहून जास्त.

पॅरामीटरची बेरीज

आता मॉडेल. एका थरात चार मोठे मॅट्रिक्स असतात: क्वेरी, की आणि व्हॅल्यू एकत्र काढणारा (७६८ गुणिले २३०४), अटेन्शननंतरचा (७६८ गुणिले ७६८) आणि फीडफॉरवर्डचे दोन (७६८ ते ३०७२ आणि परत). रुंदीला h म्हटले तर हे अनुक्रमे 3h², h², 4h² आणि 4h² भरतात, एकूण 12h². बायस आणि दोन लेयरनॉर्म मिळून आणखी 13h. टोकनांचा तक्ता, स्थानांचा तक्ता आणि शेवटचा एक लेयरनॉर्म जोडला की झाले:

```python
V, T, L, h = 32768, 1024, 12, 768
params = V*h + T*h + L*(12*h*h + 13*h) + 2*h
```

उत्तर ११,१०,०८,२५६. यातले ८,५०,५४,४६४ थरांत आहेत आणि २,५१,६५,८२४ टोकनांच्या तक्त्यात. सूत्र बरोबर आहे का हे तपासायला V च्या जागी 50257 घालावे. १२,४४,३९,८०८ आले पाहिजेत, जीपीटी-२ च्या लहान मॉडेलचा हाच खरा आकडा आहे.

एक जागा नेहमी चुकते. जीपीटी-२ मध्ये आत येणाऱ्या टोकनांचा तक्ता आणि बाहेरचा अंदाज देणारा शेवटचा मॅट्रिक्स एकच असतो. तो दोनदा धरला तर बेरीज १३.६ कोटींवर जाते. कोडमध्ये हे दोन्ही जोडायचे राहिले, तर मॉडेलच खरोखर तेवढे मोठे होते. म्हणून कागदाचा आकडा कोडशी ताडून पाहावा. त्यासाठी मेमरीही लागत नाही, कारण `meta` डिव्हाइसवर फक्त आकार तयार होतात, आकडे नाहीत:

```python
import torch
with torch.device("meta"):
    model = GPT(config)
print(sum(p.numel() for p in model.parameters()))
```

`parameters()` जोडलेला तक्ता एकदाच मोजते. `state_dict()` वर फिरून मोजले तर तोच तक्ता दोन नावांनी दोनदा येतो. दोन आकड्यांत नेमका २,५१,६५,८२४ चा फरक दिसला, तर कारण शोधत बसू नये, ते हेच.

मेमरी: पॅरामीटर सोडून बाकी सगळे

१६ बिटी मिश्र अचूकतेने आणि ॲडमडब्ल्यू ऑप्टिमायझरने शिकवताना पायटॉर्चमध्ये प्रत्येक पॅरामीटरमागे १६ बाइट लागतात: ३२ बिटी वजनाचे ४, ग्रेडियंटचे ४ आणि ऑप्टिमायझरच्या दोन सरासऱ्यांचे ८. ११.१ कोटी गुणिले १६ म्हणजे १.७८ जीबी. गुणाकारासाठी तात्पुरत्या बनणाऱ्या १६ बिटी प्रतींचे ०.२२ जीबी आणि ड्रायव्हरचा स्वतःचा अर्धा जीबी धरला, तर स्थिर खर्च अडीच जीबी.

इथे थांबून ‘मग १६ जीबीचे कार्डही भरपूर झाले’ असे म्हणणारे पहिल्याच बॅचला अडकतात. अशा लहान मॉडेलमध्ये मेमरी खातात ती ॲक्टिव्हेशन, म्हणजे उलट्या फेरीत ग्रेडियंट काढण्यासाठी पुढच्या फेरीतून राखून ठेवावी लागणारी मधली उत्तरे.

एका थरात एका टोकनामागे काय राखले जाते ते हाताने मोजू. `autocast` मध्ये मुख्य प्रवाह ३२ बिटीच राहतो, म्हणून दोन लेयरनॉर्मच्या आत जाणारे सदिश 8h बाइट घेतात. त्यांची १६ बिटी उत्तरे 4h. क्वेरी, की, व्हॅल्यू मिळून 6h. अटेन्शनचे उत्तर 2h. फीडफॉरवर्डची चौपट रुंद मधली पायरी जेलूच्या आधी 8h आणि नंतर 8h. एकूण 36h. ड्रॉपआउट बंद धरला आहे. १०२४ टोकनांच्या एका क्रमासाठी १२ थरांचे मिळून ३४० एमबी होतात.

हे तेव्हाच खरे, जेव्हा अटेन्शन फ्लॅश पद्धतीने चालते. पायटॉर्चमध्ये ते `scaled_dot_product_attention` मधून मिळते. हाताने लिहिलेल्या अटेन्शनमध्ये प्रत्येक हेडचा १०२४ गुणिले १०२४ चा पूर्ण तक्ता मेमरीत उभा राहतो: १२ हेडचे मिळून एका थरात सव्वा कोटी आकडे. सॉफ्टमॅक्सचे ३२ बिटी उत्तर आणि त्याची १६ बिटी प्रत मिळून प्रत्येक आकड्यामागे ६ बाइट, म्हणून १२ थरांत एका क्रमामागे आणखी ९०६ एमबी. एका ओळीच्या बदलाने ॲक्टिव्हेशन साडेतीनपटीहून जास्त वाढतात.

मात्र सगळ्यात दुर्लक्षित जागा मॉडेलच्या शेवटी आहे. प्रत्येक टोकनासाठी मॉडेल ३२,७६८ शक्यतांचे गुण काढते. एका क्रमात १०२४ गुणिले ३२,७६८, म्हणजे सुमारे ३.३६ कोटी आकडे. ते आधी १६ बिटी असतात. लॉस काढताना त्यांचे ३२ बिटी लॉग-सॉफ्टमॅक्स होते आणि उलट्या फेरीच्या सुरुवातीला त्याच आकाराचे दोन ३२ बिटी ग्रेडियंट तात्पुरते जन्मतात. २ + ४ + ४ + ४, म्हणजे आकड्यामागे १४ बाइटांपर्यंत, एका क्रमामागे ४७० एमबी. बाराही थरांची मिळून बेरीज ३४० होती. आणि हे शिखर येते तेव्हा त्या थरांची ॲक्टिव्हेशन अजून मोकळी झालेली नसतात, त्यामुळे दोन्ही एकाच क्षणी मेमरीत असतात.

म्हणूनच मेमरी संपल्याची चूक बहुधा `cross_entropy` च्या ओळीवर किंवा `backward()` सुरू होताच येते. थरांची संख्या कमी करणे हा त्यावरचा योग्य उपाय नाही, कारण सर्वांत मोठा वाटा थरांचा नाही. बॅच कमी करावी, किंवा क्रमाचे चार तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा लॉस वेगळा काढावा आणि तुकड्याचे गुण राखून न ठेवता उलट्या फेरीत पुन्हा काढावेत. टोकनायझर ठरवताना व्होकॅब दुप्पट करण्याचा मोह झाला तर हा भाग दुप्पट होतो, हेही तेव्हाच पाहावे.

आता १६ क्रमांची बॅच घेऊ. स्थिर २.५, ॲक्टिव्हेशन ५.४ आणि शेवटचे गुण ७.५, बेरीज १५.४ जीबी. २४ जीबीच्या एल-४ वर हे आरामात बसते. १६ जीबीच्या कार्डावर कागदोपत्री बसते, प्रत्यक्षात बसेलच असे नाही: कार्डाची सगळी मेमरी वापराला मिळत नाही, आणि पायटॉर्च मेमरी ठरावीक आकाराच्या तुकड्यांत घेते, त्यात काही वाया जाते. कागदाच्या बेरजेवर १५ ते २० टक्के मोकळी जागा हवीच. त्याच हिशेबाने एल-४ वर २४ ची बॅच (सुमारे २२ जीबी) टाळावी. ए-१०० च्या ४० जीबीत ३२ ची बॅच २८.४ जीबी घेते, ती चालेल.

लहान बॅचने शिकण्यात बिघाड होत नाही. एका अपडेटला २५६ क्रम, म्हणजे २,६२,१४४ टोकने हवीत असे ठरवले, तर एल-४ वर १६ च्या १६ फेऱ्यांचे ग्रेडियंट साठवून एकदा पाऊल टाकायचे. गणित तेवढेच होते, मेमरी फक्त १६ क्रमांची लागते. २४० कोटी टोकनांना अशी सुमारे ९,१५५ पावले पडतात.

गणितक्रिया आणि तास

मॅट्रिक्समधल्या प्रत्येक वजनाला एका टोकनासाठी पुढच्या फेरीत एक गुणाकार आणि एक बेरीज, अशा २ क्रिया. उलट्या फेरीत दोन मॅट्रिक्स गुणाकार होतात, एक ॲक्टिव्हेशनच्या ग्रेडियंटसाठी आणि एक वजनांच्या, म्हणून आणखी ४. एकूण ६, खालच्या सूत्रातला सहाचा आकडा तो हाच. अटेन्शनमधले टोकन-टोकन गुणाकार कोणत्याही वजनात नसतात, ते वेगळे धरावे लागतात:

```python
matmul = L*12*h*h + V*h
per_token = 6*matmul + 12*L*h*T
```

`V*h` इथे शेवटच्या मॅट्रिक्ससाठी आले आहे. आत येताना तक्त्यातून ओळ उचलणे हा गुणाकार नाही, त्यामुळे तक्ता जोडलेला असला तरी क्रिया एकदाच मोजायच्या. उत्तर: वजनांच्या ६६.१ कोटी आणि अटेन्शनच्या ११.३ कोटी, एका टोकनामागे ७७.४ कोटी क्रिया. अटेन्शनचा भाग वजनांच्या भागाच्या १७ टक्के आहे. मॉडेल मोठे आणि संदर्भ आखूड असेल तर तो सोडता येतो, इथे नाही. पुढचे टोकन न पाहण्याच्या बंधनामुळे प्रत्यक्षात यातला अर्धाच लागतो, पण वेगांची तुलना करताना बरेच जण पूर्ण धरतात. कोणतीही रीत घ्या, अंदाजात आणि मोजणीत एकच ठेवा.

२४० कोटी गुणिले ७७.४ कोटी म्हणजे १.८६ गुणिले १० चा अठरावा घात. एकदा संपूर्ण मजकूर वाचायला एवढे गणित. ग्रेडियंट चेकपॉइंटिंग चालू केले तर पुढची फेरी दोनदा होते आणि हा आकडा सुमारे एकतृतीयांशाने वाढतो. इथे मेमरीची तशी ओढाताण नाही, म्हणून ते बंद.

पुढे कार्डाचा वेग. माहितीपत्रकातला सर्वांत ठळक आकडा इथे घेऊ नये. ए-१०० ला १६ बिटी गणितासाठी ३१२ टेराफ्लॉप्स आणि ६२४ असे दोन आकडे छापलेले असतात. ६२४ हा ठरावीक नमुन्यात निम्मी वजने शून्य असतील तेव्हाचा, आपल्या कामाला लागू न होणारा. एल-४ चा २४२ तसाच, त्याचा खरा १२१. हा एक आकडा चुकला की तास निम्मे दिसतात आणि पैसे मधेच संपतात.

खरा वेगही पूर्ण मिळत नाही. लेयरनॉर्म, जेलू, लॉस आणि ऑप्टिमायझर यांत गणित थोडे आणि मेमरीची ने-आण खूप असते, त्या वेळी गणिताची यंत्रणा वाट पाहत राहते. रुंदी ७६८ इतकी लहान असताना हे जास्तच जाणवते. ए-१०० साठी ३५ टक्के उपयोग धरू: १०९ टेराफ्लॉप्स, सेकंदाला १.४१ लाख टोकने, एकूण ४.७ तास. एल-४ साठी ३० टक्के: ३६.३ टेराफ्लॉप्स, सेकंदाला सुमारे ४७ हजार टोकने, १४.२ तास. एल-४ चे टक्के कमी धरले, कारण ते ७२ वॉटच्या मर्यादेत चालणारे कार्ड आहे आणि त्याची मेमरी सेकंदाला ३०० जीबी देते. ४० जीबीच्या ए-१०० ची त्याच्या पाचपट देते.

आता निवड सोपी होते. ए-१०० तिप्पट वेगाने काम उरकते, तेव्हा त्याचा दर एल-४ च्या तिपटीहून कमी असेल तर तेच स्वस्त. दर बदलते असतात, म्हणून उदाहरणापुरते एल-४ ताशी ७० रुपये आणि ए-१०० ताशी १८० धरा. एल-४ चे ९९४ रुपये होतात, ए-१०० चे ८४६. महाग दराचे कार्ड इथे स्वस्त पडते. दर २१० झाला की दोन्ही जवळपास बरोबरीत येतात.

वीस मिनिटांची चाचणी

पूर्ण काम सुरू करण्याआधी भाड्याची पहिली वीस मिनिटे कागद तपासायला द्यावीत. शंभर पावले पुरतात, पण ती नीट मोजली तर.

मेमरीसाठी एकच पाऊल चालवून ‘बसले’ म्हणणे धोक्याचे आहे. ॲडमडब्ल्यूच्या दोन सरासऱ्या पहिल्या `optimizer.step()` ला जन्मतात. पहिल्या पावलाच्या उलट्या फेरीपर्यंत त्या नसतातच, आपल्या मॉडेलचे ८८८ एमबी दुसऱ्या पावलाला दिसू लागतात. निदान तीन पावले आणि एक मूल्यमापनाची फेरी झाल्यावरच `torch.cuda.max_memory_allocated()` पाहावे. `nvidia-smi` चा आकडा नेहमी मोठा असतो, त्यात पायटॉर्चने राखून ठेवलेली रिकामी मेमरीही धरलेली असते. `max_memory_allocated()` चा आकडा आपल्या १५.४ मधून ड्रायव्हरचा अर्धा जीबी वजा करून जो उरतो त्याच्याशी ताडायचा. चौदा-पंधरा जीबी जास्त आला किंवा मेमरीच संपली तर आधी फ्लॅश अटेन्शन खरोखर चालते आहे का ते पाहावे. कागदापेक्षा थोडा कमी आला तर चिंता नाही, १४ बाइट आपण वरच्या टोकाचे धरले होते.

वेग मोजताना पहिली वीस पावले सोडून द्यावीत. `torch.compile` वापरले असेल तर त्यांतली पहिली काही संकलनात जातात. घड्याळ पाहण्याआधी `torch.cuda.synchronize()` हवे, नाहीतर कार्डाचे काम संपण्याआधीच वेळ नोंदली जाते आणि वेग अशक्य वाटावा इतका चांगला दिसतो. ए-१०० वर सेकंदाला १.४१ लाखांऐवजी ५० हजार टोकने आली, तर दोन जागी शोध घ्यावा. कार्डाचा उपयोग दर काही सेकंदांनी शून्यावर पडत असेल, तर फाइल वाचणारा भाग उशीर करतो आहे. उपयोग भरलेला दिसूनही वेग कमी असेल, तर गणित १६ बिटीत चालत नसावे, `autocast` ची ओळ चुकीच्या जागी असावी. वेग वीस-तीस टक्केच कमी असेल तर दुरुस्तीच्या मागे न लागता नवे तास काढून नवे बजेट मांडावे.

बजेटमध्ये ४.७ तासांवर तीस टक्के धरावेत, म्हणजे सहा तास: मूल्यमापन, चेकपॉइंट लिहिणे आणि एखादी फेरी बंद पडून परत सुरू करणे यांसाठी. लर्निंग रेट ठरवण्याच्या फेऱ्या यात नाहीत. एक दशांश टोकनांवर तीन दर तपासायचे ठरवले तर प्रत्येकी अर्धा तास, असा दीड तास वेगळा. एका चेकपॉइंटमध्ये वजने आणि दोन्ही सरासऱ्या मिळून पॅरामीटरमागे १२ बाइट, म्हणजे १.३३ जीबी जातात. दर अर्ध्या तासाला एक लिहून शेवटचे तीनच ठेवले, तर ४.८ जीबीच्या टोकन-फाइलसह १० जीबीत सगळे बसते. मधेच काढून घेतले जाऊ शकणारे स्वस्त यंत्र घेतले, तर या वेळापत्रकात एका व्यत्ययाला जास्तीत जास्त अर्ध्या तासाचे काम वाया जाते. चेकपॉइंटची तबकडी मात्र यंत्राबरोबर पुसली न जाणारी, वेगळी घेतलेली हवी.